काँक्रीट की डांबर ठरवण्याआधी एक खड्डा खणून बघा

प्रति,
सोलापूर महानगरपालिकेच्या बांधकाम विभागातील अभियंते
आणि हद्दवाढ भागातील नगरसेवक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात जुळे सोलापुरातल्या एका मोकळ्या प्लॉटवर मी जमिनीच्या भेगेत तीन फुटांची सळई सोडली. ढकलावी लागली नाही. वर चार बोटं उरली तेवढीच. शेजारी उभा असलेला मुकादम म्हणाला, "साहेब, लांब सळई आणायची की." त्या प्लॉटला लागूनच कॉलनीचा अंतर्गत रस्ता व्हायचा आहे. पाचशे मीटर लांब, साडेपाच मीटर रुंद, दोन्ही अंगांना मिळून साठ प्लॉट. अर्ध्याहून जास्त प्लॉटवर घरं उभी आहेत, बाकीच्यांवर बाभळी.

त्या रस्त्याबद्दल कॉलनीत जी चर्चा चालते ती तुम्हाला पाठ असेल. एक गट म्हणतो, एकदाच काँक्रीट करून टाका, कटकट मिटली. दुसरा म्हणतो, तेवढ्या पैशात डांबराचे दोन रस्ते होतील. दोघंही रस्त्याच्या वरच्या सात-आठ इंचांबद्दल बोलत असतात, आणि भेग तीन फूट खोल आहे.

मी खासगी सल्लागार आहे. अंदाजपत्रकं करण्यात हयात गेली. माझं म्हणणं तक्रार म्हणून घेऊ नका. साहित्य निवडताना दोन वेगळे हिशेब आपण एकच समजतो, किंवा एक करतो आणि दुसऱ्याचं नाव घेतो, एवढंच मला मांडायचं आहे. एक हिशेब आयुष्यभराच्या खर्चाचा, म्हणजे लाइफ सायकल कॉस्टिंग. दुसरं व्हॅल्यू इंजिनिअरिंग. दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात मी स्वतः तोंडावर आपटलो आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका खासगी कारखान्याच्या आवारातला रस्ता माझ्याकडे होता. मालाचे ट्रक आत येऊन वळायचे. जमीन काळी. माझ्या अंदाजपत्रकात काळ्या मातीवर तीनशे मिलिमीटर मुरूम, त्यावर खडीचा थर, वर डांबर आणि बाजूला गटार असं होतं. काम चालू झाल्यावर पैसे कमी पडायला लागले. ठेकेदारानं एक कागद आणला, वर ठळक लिहिलेलं: व्हॅल्यू इंजिनिअरिंग प्रस्ताव. मुरूम वगळा, काळी माती चांगली रोलरनं दाबून त्यावर थेट खडी टाका, गटार पुढच्या वर्षी करू. बचत साडेसहा लाख. मालक खूश झाले. मी सही केली.

पहिला पावसाळा गेला, काही झालं नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर कडेपासून दोनेक फूट आत, कडेला समांतर अशी लांबच लांब भेग पडली. डांबर ओतून ती बुजवली. तिसऱ्या वर्षी ट्रक वळायचे तिथं रस्ता बसला. खणून पाहिलं, तर आठ इंच खडीतली वरची चार इंच खडी होती आणि खालच्या चार इंचांत काळा चिखल ठासून भरलेला, त्यात दगड मनुक्यांसारखे अडकलेले. मालकांनी विचारलं, "साहेब, बाकीची खडी कुठं गेली?" खडी खाली गेली होती आणि माती वर आली होती. दुरुस्तीला वीस लाखांच्या वर गेले.

आम्ही केलं ते व्हॅल्यू इंजिनिअरिंग नव्हतंच. ती नुसती काटछाट होती. फरक कुठं पडला ते सांगतो. लॉरेन्स माइल्स हा जनरल इलेक्ट्रिक कंपनीतला अभियंता. दुसऱ्या महायुद्धात ठरलेला माल मिळेना म्हणून तिथं पर्यायी माल वापरावा लागला, आणि बऱ्याच ठिकाणी पर्याय स्वस्त पडून वर कामही चांगलं करतो असं दिसलं. त्यावरून माइल्सनं १९४७ च्या सुमारास पद्धत बसवली. तिचं मूळ एका प्रश्नात आहे: ही वस्तू काय आहे हे बाजूला ठेवा, ती काम काय करते ते सांगा. तेही दोन शब्दांत, एक नाम आणि एक क्रियापद. मग विचारा, तेच काम दुसरं कोण करील आणि केवढ्यात.

आम्ही मुरमाला हा प्रश्न विचारलाच नाही. 'जाडी भरतो' असं धरून चाललो. जाडी भरणारा थर दहा टनांच्या रोलरपुढं कमी केला तरी चालेल असं वाटणं साहजिक आहे. पण काळ्या मातीवरच्या मुरमाची कामं दोन आहेत. पहिलं, माती आणि खडी वेगळी ठेवणं. दुसरं, मातीतलं पाणी एकदम वाढू किंवा एकदम आटू न देणं, म्हणजे तिचं फुगणं-आकसणं आवरणं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या डांबरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत, आयआरसी ३७ मध्ये, फुगणाऱ्या मातीवर किमान २२५ मिलिमीटरचा वाळूचा किंवा चिकटपणा नसलेल्या मुरमाचा थर सांगितला होता, आणि तो नुसत्या डांबराखाली नाही तर बाजूपट्ट्यांसकट पूर्ण रुंदीत. आमची भेग कडेला का पडली याचं उत्तर त्या 'पूर्ण रुंदीत' या शब्दांत आहे. कडेची माती उन्हाळ्यात आधी वाळते आणि पावसाळ्यात आधी भिजते. मधली माती रस्त्याखाली झाकलेली असते, ती फारशी हलत नाही. हलणारी आणि न हलणारी माती जिथं भेटते तिथं वरचा रस्ता फाटतो.

दोन कामं अशी कागदावर लिहिली असती तर खरा पर्याय सुचला असता. उदाहरणार्थ जिओटेक्स्टाइल, म्हणजे मातीवर अंथरायचं ते कापड. पहिलं काम, वेगळं ठेवायचं, ते चोख करतं. दुसरं काम त्याच्यानं होत नाही, कापड मातीला फुगण्यापासून थांबवू शकत नाही. मग कापड टाकून मुरूम किती कमी करता येईल यावर बोलणं झालं असतं, मुरूम शून्य करण्यावर झालं नसतं. आणि गटार? त्याचं काम 'पाणी घालवणं', आणि ते काम पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही, कारण पाऊस याच वर्षी पडतो.

एवढं सांगून आता कॉलनीच्या रस्त्याकडं येतो. इथं मी आयुष्यभराच्या खर्चाचा हिशेब मांडतो. दर गोल आकड्यांत धरले आहेत, रीत समजण्यापुरते. तुमच्या दरसूचीतले घातलेत की आकडे बदलतील, रीत तीच राहील.

जमिनीवरचा मुरूम आणि त्यावरचा पाया दोन्ही पर्यायांत सारखा, म्हणून तो बाजूला ठेवू. वरचे थर बघू. डांबरी रस्त्याला चौरस मीटरला ९५० रुपये, काँक्रीटला १७०० रुपये. २७५० चौरस मीटरला डांबराचे सव्वीस लाखांच्या आसपास आणि काँक्रीटचे पावणेसत्तेचाळीस. सभेत बहुतेक वेळा चर्चा इथंच संपते.

आता पंचवीस वर्षं पुढं बघू. डांबराला दर पाच वर्षांनी नवा कार्पेट लागतो, आधी खड्डे बुजवून वर थर, चौरस मीटरला ३२० रुपये. शिवाय वर्षाला किरकोळ दहा रुपये. काँक्रीटला दर पाच वर्षांनी सांध्यांतला मसाला काढून नवा भरायचा, ४० रुपये. पंधराव्या वर्षी काही पॅनेल तडकलेली निघतील, ती फोडून नवी करायची, सगळ्या रस्त्यावर वाटलं तर १०० रुपये.

पुढचे पैसे आजच्या पैशांत आणायचे तर कपात करावी लागते, कारण पाच वर्षांनी द्यायचे शंभर रुपये म्हणजे आजचे शंभर नव्हेत. कपातीचा दर कोणता धरायचा इथं फार चुका होतात. बँकेचा दर दहा टक्के आहे म्हणून दहा टक्के धरतात, आणि पंधरा वर्षांनंतरच्या कार्पेटचा खर्च मात्र आजच्याच भावानं लिहितात. म्हणजे महागाई एका हातानं काढून टाकली आणि दुसऱ्या हातानं तिच्यासकट कपात केली. आजचे भाव धरायचे असतील तर कपातीच्या दरातूनही महागाई काढायला हवी. बँक दहा टक्के आणि महागाई पाच टक्के असेल तर खरा दर पाचच्या थोडा खालीच येतो. पाच धरू.

पाच टक्क्यांनी पंचवीस वर्षांचा सगळा खर्च आजच्या पैशांत डांबराचा १८१३ रुपये आणि काँक्रीटचा १८३८ रुपये चौरस मीटरला येतो. चुकीचे दहा टक्के धरले तर डांबर १४८७ आणि काँक्रीट १७८०. त्याच रस्त्यावर, त्याच दरांत, नुसत्या एका टक्केवारीनं जवळजवळ तीनशे रुपयांची दरी पडली. फाइलमध्ये 'लाइफ सायकल कॉस्टनुसार डांबर स्वस्त' असं वाक्य दिसलं की मी आधी ती टक्केवारी शोधतो.

पण खरी गोष्ट योग्य दर धरूनही पुढंच आहे. १८१३ आणि १८३८ यांत पंचवीस रुपयांचा फरक. खडीच्या भावात वर्षभरात यापेक्षा जास्त हेलकावे येतात. म्हणजे हा हिशेब कोण स्वस्त हे सांगतच नाहीये. तो म्हणतोय, दोघे सारखेच, दुसरं काहीतरी बघा. अशा वेळी आपण तो पंचवीस रुपयांचा फरक निकाल म्हणून वाचतो.

दुसरं काय बघायचं? मी डांबराला दर पाच वर्षांनी कार्पेट धरला. हा पाचाचा आकडा कुठून आला? पाणी साचत नसलेल्या रस्त्याचा तो अनुभव आहे. गटार नसलेल्या, दोन्ही बाजूंनी काळी माती रस्त्याच्या वर आलेल्या कॉलनीत कार्पेट तीन वर्षंही काढत नाही. पाच ऐवजी तीन वर्षं घातली की डांबराचा आकडा १८१३ वरून २४९२ वर जातो. लोक म्हणतात, बघा, म्हणूनच काँक्रीट. पण पाणी साचलेलं असताना काँक्रीटलाही मी लिहिलेले चाळीस आणि शंभर रुपये पुरणार नाहीत. सांध्यातून पाणी खाली जातं, गाडी गेली की पॅनेलच्या कडेखालून काळं गाळाचं पाणी वर उडतं, हळूहळू कडेखाली पोकळी होते आणि कोपरा तुटतो. पॅनेलवर सळईचं टोक आपटून बघा. भरीव जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी ढोलासारखा. पाऊस संपल्यावर कोणत्याही जुन्या काँक्रीट रस्त्याच्या सांध्यांवरून असं वाजवत चाललात तर अर्ध्या तासात कळेल.

आता बाजूला उथळ, व्ही आकाराचं काँक्रीटचं गटार दोन्ही अंगांना घाला. मीटरला सातशे रुपये धरले तर हजार मीटरचे सात लाख, म्हणजे रस्त्याच्या चौरस मीटरला २५५ रुपये. डांबर आणि गटार मिळून २०६८. गटाराशिवायचं डांबर २४९२. फरक चारशे चोवीस रुपयांचा, अख्ख्या रस्त्यावर साडेअकरा लाखांहून जास्त. काँक्रीट आणि डांबरातल्या पंचवीस रुपयांसाठी आपण सभा घेतो, आणि हे चारशे रुपये कुणाच्या तक्त्यात दिसतच नाहीत.

दिसत नाहीत याचं कारण मजेशीर आहे. आयुष्यभराच्या खर्चाची तुलना करताना दोन्ही पर्यायांना सारखा असलेला खर्च खोडून टाकायची रीत आहे, वर मीही तेच केलं. मुरूम सारखा, खोडा. गटार दोन्हीत नाही, म्हणजे तेही सारखं, खोडा. पद्धत म्हणून यात चूक नाही. पण रस्त्याचं आयुष्य ठरवणारी गोष्टच जर खोडलेल्या भागात असेल तर उरलेल्या भागाचा हिशेब दोन दशांशांपर्यंत करूनही हाती काही लागत नाही. व्हॅल्यू इंजिनिअरिंग नेमकं त्या खोडलेल्या भागापासून सुरू होतं. ते विचारतं, रस्त्याला काय काय करावं लागतं? गाडी पेलणं, पाणी घालवणं, मातीला शांत ठेवणं, आणि आपल्या हद्दवाढ भागात आणखी एक, ज्याच्याबद्दल आता लिहितो.

ते काम म्हणजे 'नळ जाऊ देणं'. हद्दवाढ १९९२ ची, पण वस्ती अजून भरतेच आहे. या रस्त्यावर पाण्याची आणि ड्रेनेजची मुख्य लाइन एका बाजूला आहे. पलीकडच्या तीस प्लॉटपैकी वीस रिकामे. त्या वीस जणांनी घरं बांधली की प्रत्येकाचे दोन नळ रस्ता ओलांडणार, म्हणजे चाळीस चर. एक चर साडेपाच मीटर लांब आणि सत्तर सेंटिमीटर रुंद, असे मिळून दीडशे चौरस मीटर काँक्रीट फुटणार. फोडणं, भराव, पुन्हा काँक्रीट असं चौरस मीटरला तीन हजार धरले तर साडेचार लाखांच्या पुढं. सगळ्या रस्त्यावर वाटलं तर १६८ रुपये. हा खर्च महापालिकेच्या तक्त्यात येत नाही, कारण तो घरमालक भरतो किंवा कुणीच भरत नाही आणि चर तसाच राहतो. तसाच राहिलेला चर म्हणजे काळ्या मातीत पाणी सोडायची सोय.

काँक्रीट ओतण्याआधी दोन प्लॉटमागं एक अशा दहा जागी पाण्यासाठी रिकामा पाइप आणि ड्रेनेजसाठी टोक बंद केलेली लाइन रस्त्याखालून टाकून ठेवली, कडेच्या दगडावर रंगानं खूण केली, तर खर्च लाखाच्या आत. चौरस मीटरला छत्तीस रुपये. यात कुठलंही साहित्य बदललं नाही, डांबराचं काँक्रीट झालं नाही की काँक्रीटचं डांबर. तरीही १६८ चे ३६ झाले. व्हॅल्यू इंजिनिअरिंग मला असं अपेक्षित आहे. ड्रेनेजच्या लाइनला उतार मात्र आधी मोजून ठेवावा लागतो, नाहीतर पुढं घर बांधणाऱ्याचं चेंबर खाली आणि आपला पाइप वर अशी गंमत होते. ती गंमत मी दोनदा पाहिली आहे.

इथं कुणीतरी पेव्हर ब्लॉकचं नाव काढेलच. चर खणायला ब्लॉक सोयीचे हे खरं, उचलायचे आणि परत बसवायचे. चालणाऱ्या माणसाच्या आणि दुचाकीच्या गल्लीला मी तेच सुचवीन. पण ब्लॉकच्या फटींतून पाणी खालच्या बारीक कचीत जातं. खाली काळी माती आणि वर पाण्याचे टँकर असतील तर वर्षा-दोन वर्षांत चाकांच्या दोन नाल्या उमटतात. कडेला घट्ट कर्ब नसेल तर ब्लॉक बाजूला सरकत जातात. आपल्याकडं पाणी काही दिवसांआड येतं आणि बांधकामाला टँकर लागतात, तेव्हा टँकर कुठल्या गल्लीत येत नाही ते आधी सांगा, मग ब्लॉकचं बोलू.

दोन्ही पद्धती एकमेकींच्या विरुद्ध जातात असंही घडतं, आणि त्याचं चांगलं उदाहरण आपल्या दाराशी आहे. फताटेवाडीच्या एनटीपीसीच्या वीज प्रकल्पातून राख निघते. सिमेंटमध्ये काही भाग राख घातली तर, म्हणजे पीपीसी वापरलं तर, काँक्रीट स्वस्त पडतं, आणि दीर्घकाळात जास्त घट्ट होतं. 'खडीला बांधणं' हे काम राखेचं सिमेंट करतं, तेव्हा व्हॅल्यू इंजिनिअरिंगच्या अंगानं निवड बरोबर. पण राखेच्या सिमेंटची ताकद सावकाश वाढते. त्याला पाणी जास्त दिवस मारावं लागतं, रस्ता खुलाही उशिरा करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये, बेचाळीस अंशांत, सकाळी दहा वाजता ओतलेल्या स्लॅबवर दुपारी वारा सुटला की केसासारख्या भेगा तिथंच दिसतात. आणि ज्या गावात प्यायचं पाणी दिवसांआड येतं तिथं रस्त्यावर चौदा दिवस वाफे करून पाणी उभं ठेवणार कोण? दोन दिवस ओलं बारदान दिसतं, तिसऱ्या दिवशी ते बारदान ठेकेदाराच्या दुसऱ्या साइटवर असतं. अशा रस्त्याचा वरचा पापुद्रा दोन वर्षांत धुळीसारखा उडायला लागतो. हात फिरवला तर तळवा पांढरा होतो. सिमेंटमध्ये वाचवलेले पैसे मग आयुष्यभराच्या खर्चात व्याजासकट परत जातात. म्हणून राखेचं सिमेंट निवडायचं असेल तर क्युरिंगचं पाणी, क्युरिंग कंपाउंड आणि रस्ता खुला करायची तारीख ही तिन्ही त्याच पानावर लिहिली गेली पाहिजेत. पाणी खरंच मिळणार नसेल तर काम पावसाळ्यानंतर धरावं.

राखेच्या या उदाहरणावरून दोन हिशेबांचा क्रम मला स्पष्ट झाला. आधी कामं लिहायची आणि पर्याय काढायचे, हे व्हॅल्यू इंजिनिअरिंगचं. मग प्रत्येक पर्याय पंचवीस वर्षं चालवून बघायचा, हे आयुष्यभराच्या खर्चाचं. पहिलं न करता दुसरं केलं तर आपण दोनच पर्यायांत अडकतो, आणि दोन्ही एकाच ओल्या मातीवर उभे असतात. दुसरं न करता पहिलं केलं तर माझ्या कारखान्यासारखं होतं, साडेसहा लाख वाचतात आणि वीस लाख जातात. आणि दोन्हींची वेळ अंदाजपत्रक मंजूर होण्याच्या आधीची आहे. वर्क ऑर्डर निघाल्यावर जो प्रस्ताव येतो त्यात पर्याय काढायला वेळ नसतो, फक्त कमी करायला काय उरलंय एवढं बघितलं जातं, आणि कमी करायला नेहमी जमिनीखालचं सापडतं, कारण ते उद्घाटनाच्या दिवशी दिसत नाही.

एक अडचण मला माहीत आहे. रस्ता एका निधीतून होतो, कार्पेट दुसऱ्या, खड्डे तिसऱ्या आणि गटार चौथ्या विभागाचं. ज्याच्या खिशातून गटाराचे सात लाख जाणार त्याला कार्पेटची बचत कधीच दिसणार नाही. हे मला कागदावर सोडवता येत नाही. पण चारही आकडे एका पानावर दिसले तर निदान सभेत कुणीतरी विचारील.

म्हणून तुमच्याकडं मागणं छोटं आहे. हद्दवाढ भागातल्या प्रत्येक नव्या अंतर्गत रस्त्याच्या प्रस्तावाला दोन पानं जोडा. पहिल्या पानावर थरांची नावं नकोत, त्यांची कामं लिहा, प्रत्येक कामासमोर ते करणारी वस्तू आणि ती वगळली तर ते काम कोण करणार हे. मुरमासमोर 'कोणी नाही' असं लिहावं लागलं तर मुरूम वगळायची सही कुणीही करणार नाही. मी तरी केली नसती. दुसऱ्या पानावर पंचवीस वर्षांचा खर्च, कपातीचा दर आणि कार्पेटचं अंतर मोठ्या अक्षरांत, आणि त्या दोन आकड्यांत बदल केला तर निकाल उलटतो का हे. उलटत असेल तर तसंच लिहा. पर्याय सारखे आहेत असं लिहायला लाजू नका. मग नगरसेवकांनी त्यांच्या इतर कारणांनी ठरवावं, पण हिशेबाच्या नावावर नको.

आणि त्या दोन पानांच्या आधी एक खड्डा. एक मीटर चौरस, दीड मीटर खोल, रस्त्याच्या रेषेवर, दर दोनशे मीटरला एक. काळी माती किती खोल आहे, खाली मुरूम कुठं लागतो, पावसानंतर पाणी खड्ड्यात किती दिवस राहतं ते बघा. काळ्या मातीचा नमुना प्रयोगशाळेत देऊन फुगण्याचा निर्देशांक काढा, फार खर्च येत नाही. मुरूम आणलाच तर त्याचीही परीक्षा करा. पिवळा, मातकट मुरूम ओला करून मुठीत दाबला आणि त्याची गोळी झाली, तर तो मुरूम नाही, रंग बदललेली मातीच आहे.

जुळे सोलापुरातल्या त्या रस्त्याच्या रेषेवर, प्लॉटधारकांना विचारून, आम्ही दोन खड्डे खणून ठेवले आहेत. पहिल्यात सव्वा मीटरवर मुरूम लागला, दुसऱ्यात दीड मीटरपर्यंत काळीच. त्यांना काठी लावून दोरी बांधली आहे आणि झाकण टाकलं आहे. पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथं मोजपट्टी घेऊन असेन. बांधकाम विभागातलं कुणी आलं तर बरं होईल. गमबूट घालून या, तिथं काळ्या चिखलात चप्पल राहत नाही.

आपला,
एक अंदाजपत्रक करणारा
सोलापूर